दोन कॉलमांचे पान आणि हरवलेला एक आकडा

ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या 30 ऑक्टोबर 1948 च्या अंकात एक शोधनिबंध आहे. पान 769 पासून 782 पर्यंत, एकूण 14 पाने. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध खरोखर चालते का, याची ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने घेतलेली चाचणी त्यात मांडली आहे. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवायचे, ही पद्धत वैद्यकात रुजली त्यात या निबंधाचा मोठा वाटा आहे. ती योजना संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची.

आज हा निबंध इंटरनेटवर कोणालाही उघडता येतो. पण जे उघडते ते मूळ छापील पानांचे स्कॅन असते. पानावर शेजारी शेजारी दोन कॉलम, मध्ये बारीक मोकळी पट्टी, अधूनमधून तक्ते, तळाला टिपा. आणि सुरुवातीला आजच्यासारखा चौकटीतला सारांश नाही. एखाद्या विद्यार्थ्याला किंवा पत्रकाराला या निबंधाचा एका पानाचा सारांश करायचा असेल तर त्याला दोन कामे करावी लागतात. आधी मजकूर छापणाऱ्याला अभिप्रेत होता त्या क्रमाने लावायचा, आणि मग त्यातून ठरलेल्या मथळ्यांखाली नेमकी उत्तरे काढायची. पहिल्या कामात चूक झाली तर दुसरे कितीही नीट केले तरी फुकट जाते.

क्रम कसा बिघडतो

कागद हातात असला की दोन कॉलमांचे पान वाचायला कोणी शिकवावे लागत नाही. रोजचे वर्तमानपत्र आपण तसेच वाचतो. अडचण येते ती स्कॅनमधून मजकूर उचलताना. स्कॅन म्हणजे फोटो. त्यातली अक्षरे ओळखण्याचे काम ओसीआर नावाची सॉफ्टवेअरे करतात. ती अक्षर बहुतेक वेळा बरोबर ओळखतात, पण ओळ कुठे संपली हे त्यांना मधल्या मोकळ्या पट्टीवरून ठरवावे लागते. पान स्कॅनरवर जरा तिरके बसले, जाड अंकाच्या बांधणीजवळ कागद वाकला, किंवा पट्टीत शाईचा डाग आला, की ती पट्टी त्यांना दिसत नाही. मग डाव्या कॉलमची ओळ संपताच सॉफ्टवेअर तसेच पुढे उजव्या कॉलमच्या ओळीत शिरते.

समजा डाव्या कॉलममध्ये तीन ओळी अशा आहेत: ‘स्ट्रेप्टोमायसिन गटातील / 55 पैकी चार रुग्ण सहा / महिन्यांत दगावले.’ आणि त्यांच्या शेजारी उजवीकडे: ‘तुलना गटातील 52 पैकी / चार रुग्णांच्या फुफ्फुसांत / मोठी सुधारणा दिसली.’ या ओळी मी उदाहरणासाठी रचल्या आहेत, पण आकडे निबंधातलेच आहेत. आडवे वाचले तर हाती येते ते असे: ‘स्ट्रेप्टोमायसिन गटातील तुलना गटातील 52 पैकी 55 पैकी चार रुग्ण सहा चार रुग्णांच्या फुफ्फुसांत महिन्यांत दगावले मोठी सुधारणा दिसली.’

इथे घोळ झाला आहे हे लगेच कळते, कारण वाक्यच लागत नाही. खरा धोका अर्धवट घोळाचा. पानाचा वरचा भाग नीट उतरतो आणि मध्येच पाच-सहा ओळी मिसळतात. किंवा ओळी मिसळत नाहीत, पण परिच्छेदांचा क्रम उलटतो: उजवा कॉलम आधी येतो, डावा नंतर. प्रत्येक वाक्य सुटे वाचले तर निर्दोष असते. बारा महिन्यांनंतरचा मृत्यूचा आकडा मात्र सहा महिन्यांच्या परिच्छेदाखाली जाऊन बसतो आणि कोणाला शंकाही येत नाही.

पानाचे पट्टे पाडा

म्हणून मजकूर वाचण्याआधी पान नुसते चित्र म्हणून पाहावे. पानाच्या पूर्ण रुंदीत पसरलेले काय काय आहे ते आधी शोधायचे: निबंधाचे शीर्षक, मोठा तक्ता, रुंद आलेख. अशी प्रत्येक गोष्ट पानाला आडवी कापते. तिच्यावर एक पट्टा तयार होतो आणि तिच्याखाली दुसरा. सर्वसाधारण नियम असा की वरच्या पट्ट्यातला डावा कॉलम, मग त्याच पट्ट्यातला उजवा, आणि मगच खालच्या पट्ट्यात उतरायचे. तिथे पुन्हा आधी डावा, मग उजवा.

हा नियम बहुतेक पानांवर चालतो, सगळ्यांवर नाही. कधी पूर्ण रुंदीचा तक्ता पानाच्या मधोमध बसवलेला असतो आणि डाव्या कॉलमचा मजकूर त्याच्याखाली तसाच पुढे चालू राहतो. उजव्या कॉलमची पाळी डावा कॉलम तळापर्यंत पोचल्यावर येते. पानाकडे नुसते बघून यातले कोणते खरे हे सांगता येत नाही. ते सांगते वाक्य. तक्त्याच्या वर डाव्या कॉलमचा शेवटचा शब्द कोणता आणि पुढचा शब्द कुठे जुळतो हे पाहायचे. वाक्य अर्धवट तुटले असेल तर त्याचा उरलेला भाग उजवीकडे वर आहे की तक्त्याखाली डावीकडे, हे दोन्ही जोडून वाचले की एका क्षणात कळते. इंग्रजीत छापणारे ओळीच्या शेवटी शब्द तोडून छोटी आडवी रेघ देतात. कॉलमच्या तळाशी असा तुटलेला शब्द सापडला तर मग शंकाच नको. त्याचे उरलेले अर्धे जिथे मिळेल तिथेच पुढचा कॉलम सुरू होतो.

वाक्य कॉलमच्या तळाशीच पूर्ण झाले असेल तर मात्र ही खूण मिळत नाही. तेव्हा परिच्छेदाच्या सुरुवातीची किंचित आत सरकलेली ओळ, उपमथळे आणि तक्त्यांचे अनुक्रमांक यांचा आधार घ्यावा. तिसऱ्या तक्त्याची चर्चा दुसऱ्याच्या आधी येत असेल तर क्रम पुन्हा तपासायला हवा.

याशिवाय पानावर असा मजकूर असतो जो वाचनाच्या ओघात घ्यायचाच नाही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर नियतकालिकाचे नाव, तारीख आणि पानाचा आकडा छापलेला असतो. तो बाजूला काढला नाही तर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या वाक्याच्या पोटात ‘ऑक्टोबर 30, 1948’ घुसते. डाव्या कॉलमच्या तळाची टीप तर आणखी फसवी, कारण ती बरोबर डाव्या आणि उजव्या कॉलमच्या सांध्यावर येते. बारीक टाईप आणि वरची छोटी रेघ यांवरून ती ओळखावी आणि वेगळी ठेवावी. फेकून मात्र देऊ नये. अमुक रुग्ण मोजणीतून का वगळला यासारखी माहिती कित्येकदा तिथेच असते.

सॉफ्टवेअरला काय सांगायचे

टेसेरॅक्ट हे मोफत मिळणारे ओसीआर अनेकजण वापरतात. पानाची मांडणी कशी समजायची हे त्याला एका आकड्याने सांगता येते:

```
tesseract pan.png sthambh --psm 3
tesseract pan.png adave --psm 6
```

पहिल्या आज्ञेत `3` म्हणजे पानाचे भाग तूच पाड. ही त्याची नेहमीची पद्धत असून दोन कॉलमांच्या पानाला तीच योग्य. दुसऱ्या आज्ञेतला `6` सांगतो की पूर्ण पान हा मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असे धर. दोन कॉलमांच्या पानावर `6` वापरला की वर दाखवलेली खिचडी हमखास मिळते. पण कापून वेगळ्या काढलेल्या एकाच कॉलमवर तोच `6` उत्तम चालतो. म्हणून पान हट्टी असेल तर साधा उपाय असा: आधी तिरके पान सरळ करायचे, दोन्ही कॉलम आणि रुंद तक्ता यांची वेगवेगळी चित्रे कापायची, प्रत्येकाचा मजकूर स्वतंत्र काढायचा आणि आपण ठरवलेल्या क्रमाने जोडायचा. बरोबर मधोमध कापण्याचा मोह टाळावा. बांधणीच्या बाजूचा समास बहुधा बाहेरच्या समासाइतका नसतो, त्यामुळे मधली पट्टी चित्राच्या मध्यावर असेलच असे नाही.

काम झाल्यावर प्रत्येक सांधा मोठ्याने वाचावा: कॉलमचा शेवटचा शब्द आणि पुढच्याचा पहिला. 14 पानांच्या निबंधात असे सत्तावीसेक सांधे असतात, तक्त्यांमुळे थोडे जास्त. अर्ध्या तासाचे हे काम आहे.

तक्ता: जिथे वाक्य मदतीला येत नाही

मजकुराचा क्रम चुकला तर व्याकरण ओरडते. तक्त्यात आकडा चुकीच्या जागी बसला तर तसा आवाज होत नाही. म्हणून तिथे हिशेब करावा लागतो. या निबंधातला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता सहा महिन्यांनंतर छातीच्या एक्स-रेत काय दिसले आणि किती रुग्ण दगावले हे सांगतो. त्याचे आकडे असे:

| सहा महिन्यांनंतर | स्ट्रेप्टोमायसिन गट | तुलना गट |
|---|---|---|
| मोठी सुधारणा | 28 | 4 |
| मध्यम किंवा थोडी सुधारणा | 10 | 13 |
| विशेष फरक नाही | 2 | 3 |
| मध्यम किंवा थोडी अधोगती | 5 | 12 |
| मोठी अधोगती | 6 | 6 |
| मृत्यू | 4 | 14 |
| एकूण | 55 | 52 |

आता कल्पना करा की शेवटच्या ओळीतल्या 14 मधला उभा 1 सॉफ्टवेअरने तक्त्याची उभी रेघ समजून गाळला. जुन्या छपाईच्या तक्त्यांत हे सहज घडते. मग दोन्ही गटांत चार-चार मृत्यू दिसतील आणि सारांश लिहिणारा लिहील की औषधाने मृत्यूंत काहीच फरक पडला नाही. म्हणजे निबंध जे सांगतो त्याच्या बरोबर उलटे. हे पकडण्याचा मार्ग म्हणजे रकान्याची बेरीज. तुलना गटाची बेरीज 52 ऐवजी 42 येते आणि नेमके दहा कमी पडतात. दहाचा फरक म्हणजे कुठेतरी दशकस्थानचा 1 हरवला आहे.

बेरजेने सगळे पकडले जात नाही. याच तक्त्यात चार हा आकडा दोनदा आला आहे: तुलना गटात मोठी सुधारणा झालेले चार, आणि स्ट्रेप्टोमायसिन गटात दगावलेले चार. हे दोन चार एकमेकांच्या जागी गेले तरी बेरीज बिघडणार नाही, कारण आकडा तोच आहे. बिघडते ती त्याची ओळख. इथे टक्केवारी उपयोगी पडते. निबंधात आकड्यांसोबत टक्केही दिले आहेत. 52 पैकी चार म्हणजे पूर्णांकात 8 टक्के, 55 पैकी चार म्हणजे 7 टक्के. त्यामुळे चारसोबत 7 दिसले तर तो चार स्ट्रेप्टोमायसिन गटाचा, 8 दिसले तर तुलना गटाचा. छापील टक्के स्वतः काढून पाहिल्याशिवाय एकही आकडा सारांशात घेऊ नये.

जुन्या ब्रिटिश छपाईची आणखी एक गंमत लक्षात ठेवावी. तिथे दशांश चिन्ह ओळीच्या तळाशी नसून आकड्यांच्या मध्यउंचीवर असे. ओसीआरला तो ठिपका धूळ वाटतो आणि अडीचचे पंचवीस होतात. मात्रा, ताप, वजन असे काही अशक्य वाटले की सरळ स्कॅनच्या चित्राकडे परत जावे.

सारांशाची चौकट

मजकूर लागला, आकडे पडताळले. आता सारांश. 1987 मध्ये अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात एक प्रस्ताव मांडला गेला की वैद्यकीय निबंधांचे सारांश सलग परिच्छेदात न लिहिता ठरलेल्या मथळ्यांखाली लिहावेत. उद्देश, चाचणीची रचना, स्थळ, रुग्ण, उपचार, मोजमाप आणि निकाल, तात्पर्य असे त्याचे साधारण स्वरूप. पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली. तिचा फायदा असा की लिहिणाऱ्याला सोयीचे तेवढे सांगून बाकीचे गिळता येत नाही. मथळा रिकामा राहिला की तो रिकामा दिसतो.

हे मथळे भरण्यासाठी निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत आखडत न्यायचा नसतो. प्रत्येक मथळा हा एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर निबंधात भलत्याच ठिकाणी असू शकते. ‘रुग्ण किती?’ हा प्रश्न घ्या. निबंधात 109 हाही आकडा येतो आणि 107 हाही. चाचणीसाठी 109 जणांना स्वीकारले गेले, पण त्यांपैकी दोघे सुरुवातीच्या निरीक्षणाच्या आठवड्यातच दगावले. निकाल 107 जणांचे आहेत: 55 अधिक 52. सारांशात फक्त 109 लिहिले तर टक्केवारी जुळणार नाही. फक्त 107 लिहिले तर ते दोघे गायब होतात. दोन्ही आकडे आणि त्यांतला संबंध एका वाक्यात सांगणे हेच बरोबर.

निकालाच्या मथळ्याखाली कोणताही आकडा तीन गोष्टींशिवाय येऊ नये: कोणता गट, कितींपैकी, आणि किती काळानंतर. या निबंधात काळ विशेष महत्त्वाचा आहे, कारण तो मृत्यूंची संख्या दोनदा देतो. सहा महिन्यांनी 55 पैकी चार विरुद्ध 52 पैकी 14. वर्षअखेरीस 55 पैकी 12 विरुद्ध 52 पैकी 24. ‘स्ट्रेप्टोमायसिन घेतलेले 12 जण दगावले, तुलना गटातले 14’ असे वाक्य दोन वेगळ्या काळांचे आकडे जोडून सहज तयार होते, आणि त्यातला प्रत्येक आकडा निबंधात खरोखर असतो.

शेवटची शिस्त म्हणजे निकाल आणि तात्पर्य वेगळे ठेवणे. निकाल म्हणजे जे मोजले. तात्पर्य म्हणजे त्यावरून जे म्हणता येते, आणि तेही ज्या रुग्णांवर चाचणी झाली त्यांच्यापुरतेच. इथे निवडलेले रुग्ण तरुण होते, दोन्ही फुफ्फुसांत वेगाने वाढणारा, अलीकडेच सुरू झालेला क्षय असलेले, आणि फुफ्फुस दाबून विश्रांती देण्याचा त्या काळचा उपचार ज्यांना करता येत नव्हता असे. जुनाट क्षयाबद्दल किंवा लहान मुलांबद्दल ही चाचणी काही सांगत नाही, म्हणून सारांशानेही सांगू नये.

हे सगळे पाळून त्या निबंधाचा सारांश असा होईल:

उद्देश: एका विशिष्ट प्रकारच्या फुफ्फुसाच्या क्षयात स्ट्रेप्टोमायसिनचा उपयोग होतो का हे तपासणे.

रचना: यादृच्छिक वाटणीची तुलनात्मक चाचणी. कोणता रुग्ण कोणत्या गटात हे बंद पाकिटांत ठेवलेले. उपचार डॉक्टरांपासून लपवलेले नव्हते, पण एक्स-रे वाचणाऱ्यांना गट माहीत नव्हता.

स्थळ: ब्रिटनमधील अनेक रुग्णालये. रुग्णांची भरती 1947 मध्ये.

रुग्ण: 15 ते 30 वयोगटातील, दोन्ही फुफ्फुसांत तीव्र, वाढता आणि जंतुपरीक्षेने सिद्ध झालेला क्षय असलेले. 109 स्वीकारले, दोघे सुरुवातीच्या आठवड्यात दगावले, 107 चे निकाल.

उपचार: 55 जणांना अंथरुणावर विश्रांतीसोबत चार महिने रोज 2 ग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन, दर सहा तासांनी एक अशी चार इंजेक्शने. 52 जणांना फक्त विश्रांती.

मोजमाप: सहा महिन्यांनी एक्स-रेतील बदल आणि मृत्यू. एक्स-रे दोन क्ष-किरणतज्ज्ञ आणि एक चिकित्सक यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाचले.

निकाल: सहा महिन्यांनी मोठी सुधारणा 55 पैकी 28 (51 टक्के) विरुद्ध 52 पैकी 4 (8 टक्के). मृत्यू 4 (7 टक्के) विरुद्ध 14 (27 टक्के). बारा महिन्यांनी मृत्यू 12 (22 टक्के) विरुद्ध 24 (46 टक्के). औषध घेणाऱ्यांत चक्कर हा दुष्परिणाम वारंवार दिसला, आणि बऱ्याच जणांत जंतूंना औषधाची सवय होऊन ते निकामी ठरू लागले.

तात्पर्य: या प्रकारच्या क्षयात स्ट्रेप्टोमायसिनने पहिल्या सहा महिन्यांत स्पष्ट फायदा झाला. जंतूंची वाढती प्रतिकारशक्ती ही त्याची मोठी मर्यादा.

यात काय नाही तेही पाहण्यासारखे आहे. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसोबत पीएएस हे दुसरे औषध दिल्याने जंतूंची प्रतिकारशक्ती बरीच रोखता आली, हे आज सारांश लिहिणाऱ्याला ठाऊक असते. पण तो निकाल दुसऱ्या, नंतरच्या चाचणीचा. 1948 च्या निबंधाच्या सारांशात तो घातला तर वाचणाऱ्याला वाटेल की हे सगळे एकाच अभ्यासातून कळले.

सारांश पुरा झाला की प्रत्येक आकड्याच्या बाजूला आपल्या वहीत पानाचा क्रमांक आणि कॉलम लिहून ठेवावा: डावा, उजवा की तक्ता. हे कामाचे टिपण छापायचे नाही. पण ज्या आकड्यापुढे अशी जागा लिहिता येत नाही, तो निबंधातून आला आहे की आपल्या आठवणीतून, हे तिथेच उघड होते. तो आकडा काढून टाकावा.